धर्माचा पेपर: आधी उत्तर, मग प्रश्न

‘जैन धर्माचे संस्थापक कोण?’ हा प्रश्न पेपरात आला की विद्यार्थी ‘महावीर’ असे लिहून पुढे सरकतात आणि तपासणारे गुण देऊन टाकतात. पण ज्या धर्माविषयी हा प्रश्न आहे, त्या धर्माच्या लेखी महावीर हे चोविसावे तीर्थंकर आहेत, संस्थापक नव्हेत. म्हणजे वर्गात नीट लक्ष देणारा विद्यार्थी या प्रश्नावर अडखळतो आणि वरवरचे वाचून आलेला गुण घेऊन जातो. ‘महावीरांच्या पत्नीचे नाव काय?’ हा तसाच आणखी एक. श्वेतांबर परंपरेनुसार त्यांचा यशोदेशी विवाह झाला होता, तर दिगंबर परंपरेनुसार ते अविवाहितच राहिले. नांदणीच्या एखाद्या दिगंबर घरातल्या मुलीने या प्रश्नापुढे काय लिहावे?

धर्माच्या अभ्यासक्रमाचा पेपर काढताना पाठांतराचे प्रश्न सर्वांत सोपे वाटतात आणि सर्वाधिक घोळ तिथेच होतात. महाराष्ट्रात तर एक प्रश्न हमखास चुकतो: ‘सिद्धार्थ गौतमाने गृहत्याग का केला?’ छापील उत्तर ठरलेले असते. वृद्ध, रोगी, प्रेत आणि संन्यासी ही चार दृश्ये पाहून. पण डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी ‘बुद्ध आणि त्यांचा धम्म’ या ग्रंथात ही कथा नाकारली आहे आणि रोहिणी नदीच्या पाण्यावरून शाक्य आणि कोलिय यांच्यात पेटलेल्या वादाशी गृहत्यागाचा संबंध जोडला आहे. मूळ इंग्रजी ग्रंथ १९५७ साली, त्यांच्या निधनानंतर प्रसिद्ध झाला. आज कित्येक घरांत तो रोज वाचला जातो. त्या घरातला विद्यार्थी रोहिणीच्या पाण्याविषयी लिहितो आणि उत्तराच्या तक्त्यात फक्त चार दृश्ये असली, तर त्याला शून्य मिळते. चूक विद्यार्थ्याची नसते. प्रश्नातच ‘पारंपरिक बौद्ध चरित्रानुसार’ किंवा ‘आंबेडकरांच्या मते’ असे दोन शब्द घातले, तर उत्तर एकच उरते. किंवा दोन्ही कारणे विचारावीत आणि दोघांना गुण द्यावेत. धर्माच्या पेपरात कोणतेही विधान कुणाच्या तोंडचे आहे हे प्रश्नानेच सांगायला हवे, कारण परीक्षक त्या विधानाच्या खरेखोटेपणाचा निवाडा करायला बसलेला नसतो.

ही शिस्त केवळ सौजन्यापोटी नाही. पूर्णतः सरकारी पैशावर चालणाऱ्या शिक्षणसंस्थेत धार्मिक शिक्षण देता येणार नाही, असे राज्यघटनेचे कलम २८ सांगते. धर्मांविषयीचा अभ्यास ही त्याहून वेगळी गोष्ट आहे, असे सर्वोच्च न्यायालयाने २००२ साली अरुणा रॉय खटल्यात म्हटले. ही सीमारेषा पाठ्यपुस्तकात जेवढी दिसते, त्याहून जास्त प्रश्नपत्रिकेत उघडी पडते. ‘अहिंसेचे महत्त्व सांगा’ हा प्रश्न विद्यार्थ्याकडून गुणगान मागतो. ‘जैन परंपरेत अहिंसा पहिल्या स्थानी का आहे?’ हा प्रश्न अभ्यास मागतो.

आता एक पेपर प्रत्यक्ष काढून पाहू. बी. ए.चा वर्ग, विषय जैन आणि बौद्ध धर्मांचा तुलनात्मक अभ्यास, गुण ६०, वेळ अडीच तास. नेहमीची पद्धत अशी की आधी प्रश्न लिहायचे, त्यांच्यापुढे गुण टाकायचे आणि तपासणी सुरू होण्याच्या आदल्या रात्री आदर्श उत्तरे जुळवायची. मी उलट क्रमाने जाण्याचा आग्रह धरते. प्रत्येक मोठ्या प्रश्नाचे उत्तर आधी स्वतः हाताने लिहावे, त्यातल्या प्रत्येक परिच्छेदाला किती गुण देणार ते समासात मांडावे आणि मगच प्रश्नाचे शब्द पक्के करावेत. प्रश्नात ‘तुलना करा’ असे छापले म्हणून उत्तरात तुलना येतेच असे नाही, हे तेव्हाच कळते.

तुलनेचा प्रश्न घेऊ. पाच अणुव्रते आणि पंचशील. जैन श्रावकाची अणुव्रते म्हणजे अहिंसा, सत्य, अस्तेय, ब्रह्मचर्य आणि अपरिग्रह. बौद्ध उपासकाचे पंचशील म्हणजे प्राणिहत्या, चोरी, लैंगिक दुराचार, खोटे बोलणे आणि मादक पदार्थ यांपासून दूर राहणे. ‘तुलना करा’ एवढेच विचारले तर विद्यार्थी कागदाच्या मधोमध रेघ मारतो, डावीकडे एक यादी, उजवीकडे दुसरी, आणि खाली एक ओळ: ‘अशा प्रकारे दोहोंत साम्य व भेद आढळतात.’ पाठांतराचेच दोन तुकडे शेजारी ठेवलेले असतात, तरी गाइडमध्ये हेच उत्तर छापलेले असल्याने त्याला बरेच गुण पडतात.

उत्तर स्वतः लिहायला बसले की खरा मुद्दा सापडतो. चार ठिकाणी दोन्ही याद्या जवळपास जुळतात आणि पाचव्या ठिकाणी फुटतात: एकीकडे अपरिग्रह, दुसरीकडे मद्यत्याग. का? तुलना खरे तर इथून सुरू होते. मद्य जैनांना चालते असा याचा अर्थ नाही. दिगंबर परंपरेत श्रावकाच्या मूलगुणांतच मद्यत्याग येतो, म्हणजे व्रते घेण्याच्या आधीच ती पायरी ओलांडलेली असते. बौद्धांना संग्रहाची पर्वा नाही असेही नाही, कारण भिक्खूने सोने-चांदी स्वीकारू नये असा नियम आहे. तो फक्त गृहस्थाच्या यादीत नाही. मग फरक कशाचा? जैन विचारात कर्म हे सूक्ष्म द्रव्य आहे, ते आत्म्याला चिकटते, आणि आसक्ती ही त्याला चिकटवून ठेवणारी गोष्ट. म्हणून परिग्रहावर मर्यादा घालणे हे गृहस्थाचेही व्रत होते. बौद्ध विचारात कर्म म्हणजे चेतना, म्हणजे हेतुपूर्वक केलेली कृती. त्यामुळे मनाचे भान सुटणे हा मोठा धोका ठरतो, आणि मद्याविरुद्धचा नियमही बेसावधपणाचे कारण म्हणूनच सांगितलेला आहे.

एवढे लिहून झाल्यावर प्रश्नाचे शब्द आपोआप ठरतात: ‘जैन श्रावकाची पाच अणुव्रते आणि बौद्ध उपासकाचे पंचशील यांची तुलना करा. दोन्ही याद्यांत न जुळणारा घटक कोणता, आणि दोन्ही परंपरांच्या कर्मविचाराशी त्या फरकाचा काय संबंध आहे, ते स्पष्ट करा.’ ‘श्रावकाची’ आणि ‘उपासकाचे’ हे शब्द मुद्दाम घातले आहेत. ते नसले तर निम्मे विद्यार्थी मुनींची महाव्रते घेऊन बसतात, आणि मुनींच्या महाव्रतांची गृहस्थाच्या पंचशीलाशी तुलना करून ‘जैन धर्म अधिक कठोर आहे’ असा निष्कर्ष काढतात. एका धर्माचा साधू आणि दुसऱ्या धर्माचा गृहस्थ समोरासमोर उभे केले तर तो निष्कर्ष निघणारच.

या प्रश्नाला १८ गुण ठेवले. त्यांतले सहा गुण दोन्ही याद्या अचूक आणि अर्थासह सांगण्याचे. तीन गुण तुलनेची पातळी एकच ठेवल्याचे. चार गुण जुळणाऱ्या चार घटकांतही जो सूक्ष्म फरक आहे तो दाखवण्याचे. उदाहरणार्थ, जैन अहिंसा पृथ्वी, पाणी आणि वनस्पती यांतल्या एकेंद्रिय जीवांपर्यंत पोचते. उरलेले पाच गुण न जुळणाऱ्या घटकाच्या कारणमीमांसेचे. आता मधोमध रेघ मारून लिहिलेले उत्तर कितीही सुबक असले तरी आठ-नऊ गुणांच्या पुढे जात नाही. तपासनीसाला कठोर व्हावे लागत नाही, कारण ते काम तक्ताच करतो.

चिकित्सेचा प्रश्न याहून अवघड. ‘बौद्ध धर्माचे टीकात्मक परीक्षण करा’ हा प्रश्न आजही छापला जातो, आणि त्याचे उत्तर गाइडमध्ये ‘गुण’ आणि ‘दोष’ अशा दोन मथळ्यांखाली तयार असते. ते पाठ करून लिहिले की पाठांतरच झाले. शिवाय त्यात एक अन्यायही आहे. परीक्षाकेंद्रावर बसलेल्या बौद्ध विद्यार्थ्याला स्वतःच्या धर्माचे ‘दोष’ लिहायला लावून आपण नक्की काय मोजतो? चिकित्सेचा प्रश्न असा हवा की श्रद्धावान आणि अश्रद्ध, जैन, बौद्ध आणि तिसराच कुणी, हे सगळे त्याच पुराव्यावरून चांगले उत्तर लिहू शकतील.

यासाठी मला एक जोडी फार उपयोगी वाटते. पाली मज्झिमनिकायात उपालिसुत्त आहे. नालंदेचा श्रीमंत गृहस्थ उपाली हा निगंठ नातपुत्ताचा, म्हणजे महावीरांचा अनुयायी. शरीराने, वाणीने आणि मनाने केलेल्या कर्मांपैकी सर्वांत दोषास्पद कोणते, यावर तो बुद्धांशी वाद घालायला जातो. सुत्तानुसार निगंठांचे मत असे की शरीराचे कर्म सर्वांत घातक. बुद्ध म्हणतात, मनाचे. उपाली हरतो आणि बुद्धांचा उपासक होतो.

या जोडीची दुसरी बाजू जैनांच्या सूत्रकृतांगात आहे. तिथे आर्द्रक मुनींपुढे एक बौद्ध आपले मत मांडतो: पेंडीच्या गोळ्याला माणूस समजून भाल्याने भोसकले तर हत्येचे पाप लागते, आणि खऱ्या माणसाला पेंडीचा गोळा समजून भोसकले तर लागत नाही. जैन मुनी हे मत खोडून काढतात. म्हणजे एकाच वादात दोन्ही परंपरांनी एकमेकांचे चित्र काढले आहे, आणि दोन्हीकडे चित्र काढणाराच जिंकला आहे.

पेपरात या दोन्ही प्रसंगांचा प्रत्येकी आठ-दहा ओळींचा सारांश द्यायचा. मूळ पाली-अर्धमागधी येण्याची अपेक्षा नाही. प्रश्न दोन भागांत. पहिला, पाच गुणांचा: प्रत्येक सारांशात प्रतिपक्षाचे कोणते मत सांगितले आहे? दुसरा, सतरा गुणांचा: प्रतिपक्षाच्या ग्रंथातून आलेले हे वर्णन त्या धर्माच्या खऱ्या मताचा पुरावा म्हणून कितपत स्वीकारता येईल? अभ्यासक्रमात शिकलेल्या माहितीच्या आधारे चर्चा करा.

‘अभ्यासक्रमात शिकलेल्या’ हे महत्त्वाचे. वर्गात तत्त्वार्थसूत्र शिकवलेले आहे. त्यात हिंसेची व्याख्या प्रमादाशी, म्हणजे करणाऱ्याच्या बेसावध वृत्तीशी जोडलेली आहे. शिवाय जैन विचारात भावहिंसा आणि द्रव्यहिंसा असा भेदही आहे. तेव्हा ‘जैन फक्त शरीराच्या कृतीकडे पाहतात’ हे उपालिसुत्तातले चित्र अपुरे ठरते. पण तत्त्वार्थसूत्र महावीरांनंतर कित्येक शतकांनी लिहिले गेले. तेव्हा ‘बुद्धांच्या काळच्या निगंठांचा भर शरीरावर असेलही’ असा प्रतिवाद एखादा हुशार विद्यार्थी करू शकतो, आणि तो मान्य करावा लागतो. बौद्धांच्या बाजूनेही तसेच. कर्म म्हणजे चेतना हे मत खरेच बौद्धांचे आहे, म्हणून सूत्रकृतांगातले चित्र पूर्ण खोटे नाही. ते ताणून शेवटच्या टोकाला नेलेले आहे.

इथे गुण मुद्द्यांच्या संख्येवर देता येत नाहीत, पातळीवर द्यावे लागतात. मी चार पातळ्या करते. केवळ स्वतःचे मत किंवा एका धर्माची स्तुती लिहिली असेल तर चारपर्यंत. एका बाजूने पण कारणे देऊन युक्तिवाद केला असेल तर पाच ते आठ. दोन्ही ग्रंथ प्रतिपक्षाचे आहेत हे ओळखून ते बाहेरच्या माहितीशी ताडून पाहिले असतील तर नऊ ते तेरा. आणि निष्कर्ष काढून त्याची मर्यादाही सांगितली असेल, म्हणजे या ग्रंथांवरून काय कळते आणि काय कळत नाही ते वेगळे केले असेल, तर चौदा ते सतरा. निष्कर्ष कोणता असावा हे तक्त्यात कुठेही लिहिलेले नाही. ‘असे वर्णन पुरावा म्हणून निरुपयोगी आहे’ म्हणणारा आणि ‘श्रोत्यांना ओळखीचे वाटेल असे काहीतरी त्यात असणारच, नाहीतर टीका लागू पडली नसती’ म्हणणारा, दोघेही सोळापर्यंत जाऊ शकतात. ‘आमच्या धर्मात असे सांगितले आहे’ अशा वाक्याला गुण नाही आणि दंडही नाही. ते वाक्य ओलांडून पुढचा युक्तिवाद वाचायचा.

आता बेरीज, कारण पेपराचा तोल बेरजेतच दिसतो. पहिल्या खर्ड्यात मी लघुप्रश्नांना १२, टिपांना १२, तुलनेला १६ आणि चिकित्सेला २० अशी विभागणी धरली होती. वरून पाहता पाठांतर २४ गुणांचे, म्हणजे ४० टक्के. पण तुलनेच्या प्रश्नात माहितीचे सहा गुण दडलेले आहेत आणि चिकित्सेच्या प्रश्नात पाच. ते मिळवले की पाठांतर ३५ गुणांचे होते. प्रथम वर्गाची रेघ ६० टक्क्यांवर, म्हणजे ३६ गुणांवर. एकही तुलना न करता, एकही विचार न मांडता विद्यार्थी प्रथम वर्गापासून फक्त एका गुणावर येऊन थांबतो, आणि तो एक गुण कुणीही दयाळू तपासनीस देतोच.

म्हणून दुसऱ्या खर्ड्यात लघुप्रश्न १०, टिपा १०, तुलना १८, चिकित्सा २२ असे केले. आता माहितीचे गुण १०, १०, ६ आणि ५ मिळून ३१, निव्वळ तुलनेचे १२ आणि निव्वळ चिकित्सेचे १७. उत्तीर्ण व्हायला २४ गुण लागतात. प्रामाणिकपणे पाठ करणारा विद्यार्थी त्यात आरामात बसतो, आणि तो बसावा असेच मला वाटते, कारण माहिती असणे हीही कमाई आहे. पण प्रथम वर्गासाठी त्याला निदान पाच गुण विचार करून मिळवावे लागतील. इंग्लंडमध्ये जीसीएसई परीक्षेत धर्माच्या विषयाचे गुण माहिती-आकलन आणि विश्लेषण-मूल्यमापन यांत निम्मे-निम्मे विभागलेले असतात, आणि पुढच्या ए-लेव्हलला ४० आणि ६० असे. आपला ३१ आणि २९ हा हिशेब पहिल्याच्या जवळ जातो. ज्या वर्गाने अशी चिकित्सा पहिल्यांदाच पाहिली, त्याला तो पुरेसा आहे.

हा सगळा तोल एका शब्दाने कोसळतो: ‘किंवा’. चौथ्या प्रश्नाखाली ‘किंवा कोणत्याही दोन टिपा लिहा’ असे छापले की विद्यार्थी टिपांकडे वळणार, यात त्याची काही चूक नाही. मग त्याच्यापुरता पेपर १०, १०, ६ आणि २२ असा होतो, म्हणजे ६० पैकी ४८ गुण पाठांतराचे. परीक्षा मंडळाकडे गेलेल्या आराखड्यात तोल होता, विद्यार्थ्याच्या उत्तरपत्रिकेत तो उरला नाही. पर्याय द्यायचा तर चिकित्सेला चिकित्सेचाच. दुसऱ्या दोन उताऱ्यांची जोडी, तोच दुसऱ्या भागाचा प्रश्न आणि त्याच चार पातळ्या.

वेळेचेही तसेच. दीडशे मिनिटांतली पंधरा वाचन आणि उजळणीला सोडली तर १३५ उरतात, म्हणजे एका गुणाला सव्वा दोन मिनिटे. चिकित्सेच्या २२ गुणांना सुमारे पन्नास मिनिटे येतात आणि त्यातली सात-आठ उतारे वाचण्यात जातात. म्हणून सारांश दहा ओळींच्या पुढे नेऊ नये. शेवटच्या प्रश्नाचे उत्तर अर्धवट सुटलेले बरेच कागद दिसले, तर विद्यार्थ्यांना विचार करता येत नाही असा निष्कर्ष काढण्याआधी उताऱ्यांच्या ओळी मोजाव्यात.

तक्ता पक्का आहे का, हे पाहण्याचा एक साधा उपाय आहे. पाच-सहा उत्तरपत्रिका दोन सहकाऱ्यांनी एकमेकांचे गुण न पाहता तपासायच्या. लघुप्रश्नांत फरक पडत नाही, पडला तर उत्तराच्या तक्त्यात एखादे मान्य उत्तर राहून गेले आहे. चिकित्सेच्या सतरा गुणांत दोन-तीन गुणांचा फरक चालतो. पाच-सहांचा पडला तर दोघे पातळ्यांचे शब्द वेगवेगळे वाचत आहेत. बहुधा भांडण आठ आणि नऊ यांच्या मधल्या रेघेवर असते: विद्यार्थ्याने ‘हा बौद्ध ग्रंथ आहे’ एवढे नुसते म्हटले, तर ते ओळखणे झाले का? माझ्या मते नाही. त्याने त्या गोष्टीचा युक्तिवादात उपयोग केला पाहिजे. हे वाक्य तक्त्यात लिहून टाकले की दुसऱ्या फेरीत फरक कमी होतो. आणि सगळ्यांचेच गुण आठ ते दहाच्या मध्ये गोळा झाले असतील, तर तपासनीस पातळ्या न वाचता अंदाजाने मधला आकडा टाकत आहेत असे समजावे.

उपाली आणि आर्द्रक यांची जोडी मात्र एकदाच वापरता येते. दुसऱ्या वर्षी ती शिकवण्यांच्या नोट्समध्ये असते, चारही पातळ्यांसकट, आणि तिसऱ्या वर्षी तो पाठांतराचा प्रश्न झालेला असतो. म्हणून अभ्यासक्रमात अशी निदान पाच-सहा वादस्थळे आधीपासून पेरून ठेवावी लागतात. पार्श्वनाथांचा चातुर्याम आणि महावीरांची पाच व्रते हे एक. त्यावर धर्मानंद कोसंबींचे ‘पार्श्वनाथाचा चातुर्याम धर्म’ हे मराठी पुस्तकच आहे, त्यामुळे विद्यार्थ्याला इंग्रजीच्या मागे धावावे लागत नाही. दुसरे, एकोणिसावे तीर्थंकर मल्ली. श्वेतांबर त्यांना स्त्री मानतात, दिगंबर पुरुष. स्त्रीजन्मात मोक्ष मिळतो की नाही या जुन्या वादाशी ते मतभेद घट्ट जोडलेले आहेत. पुढच्या वर्षीच्या पेपरासाठी मी हेच स्थळ निवडले आहे. त्याचे उत्तर लिहायला घेतले आहे, प्रश्नाचे शब्द अजून ठरायचे आहेत.